बाळाच्या पोटावर हिंगाचा लेप : काय होतं, आणि त्याऐवजी काय करावं

संध्याकाळी सहा-सातला बाळ पाय पोटाशी घेऊन रडायला लागतं, पोट टम्म लागतं आणि घरातलं कोणीतरी हिंगाची डबी काढतं. चिमूटभर हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायचा, हा जुना उपाय. अनेकदा बाळ शांत होतंही, पण त्याचं श्रेय बहुधा हिंगाचं नसतं. लेप लावताना बाळ मांडीवर असतं, कोमट हात पोटावरून गोल फिरतो, आणि तेवढ्यात वारा सरून जातो.

बेंबीवरचा लेप आतड्यापर्यंत पोचून गॅस मोडतो, याला भरवशाचा पुरावा नाही. त्वचेचं मात्र काहीतरी होऊ शकतं. तान्ह्या बाळाच्या त्वचेचा वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो, आणि वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठ्यांच्या दुपटी-तिपटीचा. म्हणून लावलेल्या वस्तूचा जो अंश शरीरात शिरतो, तो किलोमागे जास्त पडतो. शिवाय डबीतला हिंग बहुतेक वेळा बांधानी असतो, म्हणजे त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. त्यात शुद्ध हिंग किती, हे ‘चिमूट’ सांगत नाही. हिरा हिंग तर अधिकच जहाल.

लेप सोसला नाही तर लेपाच्याच आकाराचा चट्टा उठतो. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपून पाहा : तिथली जागा गरम, खरखरीत किंवा बारीक पुरळाची लागते का? हे काही तासांत किंवा दोन दिवसांनीही दिसू शकतं. आधीच लेप लावला असेल तर कोमट पाण्याने, न चोळता धुऊन टाका. वाळलेला असेल तर थोड्या खोबरेल तेलाने मऊ करून घ्या. आपले हातही साबणाने धुवा, नाहीतर तोच हिंग बाळाच्या डोळ्यात किंवा तोंडात जातो. नाळ गळून बेंबी पूर्ण वाळेपर्यंत तर तिथे काहीच लावू नये, कारण ती जंतूंना उघडी वाट आहे.

पोटात हिंग देणं याहून वाईट. कोलिकसाठी, म्हणजे तान्ह्या बाळाच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या, न थांबणाऱ्या रडण्यासाठी, हिंगाचं औषध पाजलेल्या एका तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटल्याची नोंद 1984 साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. वरणाच्या फोडणीत हिंग खुशाल घाला. आईच्या ताटाला त्याची अडचण नाही.

आता हातांचं काम. समजा, पाच आठवड्यांचं बाळ सातला दूध प्यायलं. पिताना मधेच एकदा आणि संपल्यावर एकदा ढेकर काढा : बाळाला खांद्यावर उभं धरून पाठ खालून वर हलकेच थोपटा. पाच-दहा मिनिटांत ढेकर आली नाही तर स्थिती बदलून पाहा, मग सोडून द्या. पिताना ‘चक-चक’ आवाज येत असेल तर हवा आत जाते आहे. स्तनाचा काळा भाग पुरेसा तोंडात नाही किंवा बाटलीचं निपल दुधाने भरलेलं नाही, हे त्याचं नेहमीचं कारण.

मालिश लगेच करू नका, दूध उलटेल. साधारण पाऊण तासाने, साडेआठच्या आत, बाळाला उताणं ठेवा. हातावर चार-पाच थेंब खोबरेल घेऊन तळवे चोळून कोमट करा. बाळाकडे तोंड करून बसल्यावर बोटं तुमच्या डाव्या बाजूने वर, बरगडीखालून उजवीकडे आणि मग खाली, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवा. मोठं आतडं त्याच दिशेने जातं. दाब एवढाच की त्वचा सरकेल, पण बोट रुतणार नाही. आठ-दहा फेऱ्यांनंतर दोन्ही गुडघे पोटाकडे अलगद दुमडून पाच सेकंद धरा, सोडा. मग पायांनी सायकल चालवल्यासारखं करा. बाळ जोराने रडत, पोट ताठ करत असेल तर थांबा, आणि त्याला हाताच्या कवेत पालथं धरून फिरा. गरम फडक्याचा शेक नको, भाजतं.

ग्राइप वॉटर, मध, घुटी यांतलं काही नको. मधाने एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. डायसायक्लोमिन असलेले थेंब सहा महिन्यांखालच्या बाळाला देऊ नयेत, म्हणून बाटलीवरचं नाव वाचा. कोलिकचं रडं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं.

मात्र हिरवी उलटी, शौचात रक्त, दगडासारखं फुगलेलं पोट, जांघेत गाठ, दूध नाकारणं, निळसर ओठ, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सियस वा त्याहून जास्त ताप असेल, तर मालिश करत बसू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.