आधीच्या व्हिसा नकाराबद्दल यूकेच्या अर्जासोबत जोडलेलं पत्र (माझा अनुभव)

आईच्या शेंगेन व्हिसाला नकार आला होता. पुढे यूकेच्या अर्जात प्रश्न आला, इतर कुठल्या देशाने व्हिसा नाकारलाय का? एजंट म्हणाला, "गाळून टाका." पण माहिती लपवल्याचं ठरलं तर तिथे दहा वर्षांची बंदी येऊ शकते. माझा पहिला मसुदा दोन पानांचा, नुसती कैफियत. वैताग आला.

शेवटी हे जमलं. आधी फॉर्मवर 'हो' लिहून देश, तारीख, कारण दिलं. मग व्हिसाचा निर्णय घेणाऱ्या एंट्री क्लिअरन्स ऑफिसरच्या नावे अर्धं पान. पहिल्याच वाक्यात नकार आणि नकारपत्रावर खूण केलेलं कारण, त्यांच्याच शब्दांत: निर्वाहाच्या पुरेशा रकमेचा पुरावा नाही. दुसऱ्यात खरी गोष्ट: मुदत ठेव मोडून रक्कम अर्जाआधी खात्यात आली, तिचा कागद जोडला नव्हता. तिसऱ्यात आता काय जोडलंय: ठेव मोडल्याची बँकेची पावती, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पेन्शनचा आदेश. नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचं चुकलं, असं एक अक्षरही नाही. सोबत नकारपत्राची प्रत. नकाराची तारीख फॉर्मवर आणि पत्रात एकच हवी. ही नक्की ताडून पाहा.

पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे दिले आणि यावेळी व्हिसा मिळाला.