पहिलीच्या मुलांकडून वर्गाचा आणि शाळेचा नकाशा काढून घेताय? या चुका टाळा

पहिलीच्या मुलांना कागद देऊन "आपल्या शाळेचा नकाशा काढा" म्हटलं, की बहुतेक जण उतरत्या छपराचं घर, त्यावर झेंडा आणि कोपऱ्यात सूर्य काढून मोकळे होतात. यात मुलांचं काहीच चुकलेलं नसतं. शाळा त्यांनी समोरूनच पाहिलेली असते, वरून कधी पाहिलेली नसते. त्यामुळे कागदाआधी वरून बघण्याची सवय लावावी लागते.

त्यासाठी डस्टर, काडेपेटी, पेला, डबा अशा वस्तू जमिनीवर ठेवा आणि मुलांना उभं राहून सरळ खाली बघायला सांगा. मग त्या कोऱ्या कागदावर ठेवून खडूने कडेकडेने गिरवून घ्या. पेला उचलल्यावर खाली नुसता गोल राहतो आणि मुलांना हसू येतं. "पेला कुठे गेला?" या प्रश्नावर जी चर्चा होते, तोच नकाशाचा पहिला धडा. त्यानंतर जमिनीवर खडूने मोठा आयत काढून वर्ग मांडा: डस्टर म्हणजे टेबल, डबा म्हणजे कपाट, काडेपेट्या म्हणजे बाक. मांडणी पटली की ती कागदावर उतरवा. हा टप्पा गाळून थेट शाळेवर उडी मारली, तर पुढे सगळंच अडखळतं.

डावं कुणाचं, उजवं कुणाचं?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, आणि तो बहुधा शिक्षकांकडून होतो. आपण मुलांकडे तोंड करून उभे राहतो, उजवा हात वर करतो आणि "हा उजवा" म्हणतो. समोरच्या मुलांच्या दृष्टीने तो हात त्यांच्या डाव्या बाजूला असतो. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या याच समजुतीचा अभ्यास केला होता. स्वतःचा डावा-उजवा हात मूल आधी ओळखू लागतं, पण समोरच्या माणसाचा डावा-उजवा सांगणं त्याला साधारण आठव्या वर्षाच्या पुढेच जमतं. म्हणजे पहिलीत ती अपेक्षाच ठेवायची नाही. मुलांकडे पाठ करून, त्यांच्यासारखंच फळ्याकडे तोंड करून उभे राहा आणि मग हात वर करा. उजव्या मनगटाला लोकरीचा धागा बांधला तर आठवडाभर तेवढ्यावर काम भागतं.

एक नेहमीचा वर्ग घेऊ. मुलं फळ्याकडे तोंड करून बसली आहेत. दार डाव्या भिंतीला, खिडक्या उजव्या भिंतीला. पुढे उजव्या कोपऱ्यात कपाट, मागे डाव्या कोपऱ्यात पाण्याचा माठ, मागे उजव्या कोपऱ्यात गोष्टींच्या पुस्तकांची पेटी. कागदावर फळा सगळ्यात वरच्या कडेला, म्हणजे मूल जसं बसलंय तसाच नकाशा. तो भिंतीला चिकटवू नका. भिंतीवर लावलेल्या कागदात 'पुढे' म्हणजे छताकडे असा अर्थ होतो. नकाशा जमिनीवर ठेवा आणि कागदावरचा फळा खऱ्या फळ्याकडे आला, की मगच बोट फिरवू द्या.

मूल चुकतंय, पण नेमकं कुठे?

नकाशा कळला का हे विचारून समजत नाही, शोधायला लावून समजतं. मुलाला दाराबाहेर थांबवा, कपाटामागे खडूचा तुकडा लपवा, नकाशावर तिथे फुली करा आणि कागद त्याच्या हातात द्या. मूल चुकीच्या कोपऱ्यात गेलं, तर तो कोपरा कोणता हे नीट बघा. खडू पुढे उजवीकडे असताना ते थेट माठाकडे, म्हणजे तिरक्या समोरच्या कोपऱ्यात गेलं, तर त्याने कागद उलटा धरलाय. डाव्या-उजव्याशी त्याचा संबंध नाही. कागद फिरवून दिला की काम झालं. ते फळ्याच्याच बाजूला, पण डाव्या कोपऱ्यात गेलं, तर मात्र डाव्या-उजव्याची गल्लत आहे आणि पुन्हा धाग्याकडे वळायला हवं. पुस्तकांच्या पेटीकडे गेलं, तर कागद बहुधा आडवा धरला गेलाय. आणि कागदाकडे न बघताच सापडला, तर कुणीतरी डोळ्याने खुणावलंय. जागा बदलून पुन्हा खेळा.

शाळेकडे जाताना

वर्गाचा नकाशा जमला की शाळेसाठी नवा कोरा कागद घेतला जातो, फाटक खाली आणि इमारत वर असं चित्र मांडलं जातं. त्यात वर्ग कुशीवर वळलेला असतो, फळा भलत्याच बाजूला गेलेला असतो, आणि कालपर्यंत समजलेलं मूल आज गोंधळतं. त्याऐवजी वर्गाचाच कागद जमिनीवर ठेवून त्याला बाहेरून कागद जोडत जा. आपल्या वर्गाला डाव्या बाजूचं दार आहे, तेव्हा डावीकडचा कागद म्हणजे व्हरांडा, त्यापलीकडे मैदान आणि फाटक. फळ्यामागची भिंत म्हणजे दुसरीचा वर्ग, तो वरच्या कागदावर. त्याच्याही वर खिचडी शिजते ती खोली. कागदांची आखणी वाकडीतिकडी होईल, होऊ द्या.

खुणा निवडताना मुलं सरांची मोटरसायकल, वडाखालची शेळी, मैदानातलं पाण्याचं डबकं सुचवतात. सुचवू द्या, आणि "दिवाळीच्या सुट्टीनंतर हे इथेच असेल का?" एवढं विचारा. हातपंप, झेंड्याचा कट्टा, कडुलिंब, पाण्याची टाकी टिकतात. शेळी आपोआप गळते. शिवाय खूण वळणाच्या जागेवरून दिसली पाहिजे. इमारतीमागची टाकी कितीही मोठी असली तरी व्हरांड्यातून दिसत नसेल, तर रस्ता सांगायला तिचा उपयोग नाही.

आता शेवटची आणि चटकन लक्षात न येणारी चूक: नकाशावर 'डावीकडे हातपंप' असं लिहिणं. दारातून बाहेर पडून उजवीकडे वळलं, की दुसरीचा वर्ग उजव्या हाताला राहतो आणि मैदानातला हातपंप डाव्या हाताला. खिचडी घेऊन परत येताना तोच हातपंप उजव्या हाताला येतो. कागदावर लिहिलेलं 'डावीकडे' आता खोटं ठरतं आणि मूल म्हणतं, "बाई, नकाशा चुकला." नकाशावर फक्त वस्तूंची नावं किंवा चित्रं ठेवा. डावीकडे, उजवीकडे, सरळ, मागे हे शब्द वेगळ्या पट्ट्यांवर लिहा. जाताना 'दारातून बाहेर, उजवीकडे वळा, हातपंप डावीकडे ठेवून सरळ चला' अशा पट्ट्या लावा. परतताना मुलांनाच पट्ट्या बदलायला लावा आणि प्रत्यक्ष चालत बदलायला लावा, बसल्या जागी नाही.

बाकी प्रमाण, मोजमाप, उत्तर दिशा यांच्या मागे पहिलीत लागू नका. स्वतःचा बाक कपाटाएवढा काढला तरी चालेल. दाराच्या कोणत्या बाजूला काय आहे आणि व्हरांड्यात आधी कोणती खोली लागते, मग कोणती, एवढंच तपासा. सूर्य उगवतो ती बाजू माहीत असेल, तर कोपऱ्यात काढलेला सूर्य त्या बाजूच्या कडेला सरकवायला सांगा.