पणत्या हरवतात, घर सपाट दिसतं: रोषणाईतल्या या चुका टाळा

सणाच्या रात्री रस्त्यापलीकडून घराकडे पाहिलं तर बऱ्याचदा नुसता झगमगाट दिसतो आणि घर काही दिसत नाही. खांब मागच्या भिंतीला चिकटल्यासारखे वाटतात, छज्ज्याखालची सावली गायब होते, खिडकीभोवतीचे कंगोरे पुसले जातात. कठड्यावर हौसेनं मांडलेल्या पणत्या लागल्यात की विझल्यात, हेही कळत नाही. मग काहीतरी कमी पडतंय असं वाटून आणखी एक माळ आणली जाते, आणि उरलंसुरलं घरही जातं.

उजेड खरोखर कमी पडलाय असं अशा वेळी जवळजवळ कधीच नसतं. सगळा घोळ रोषणाईच्या क्रमात असतो. आपण आधी माळा लावतो, मग फ्लडलाइट, आणि पणत्या शेवटी. खरं तर या तिघांत सर्वांत मंद पणती आहे, म्हणून बाकीच्यांनी किती उजळायचं हे तिच्यावरून ठरायला हवं.

फ्लडलाइट समोरून मारणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. अंगणात २० वॅटचा एलईडी फ्लडलाइट ठेवून तोंड घराकडे केलं की काम झालं, असं वाटतं. जरा हिशेब करू. पणतीच्या ज्योतीची तीव्रता साधारण एक कँडेला धरा, वात बारीक असेल तर त्याहूनही कमी. भिंतीपासून एक फुटावर ठेवलेली पणती भिंतीवर जेमतेम ११ लक्स उजेड पाडते; लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. तीच एक मीटर लांब नेली की उरतो फक्त १ लक्स, कारण अंतर सव्वातीन पट झालं की उजेड जवळजवळ अकराव्या हिश्शावर येतो. आता तो फ्लडलाइट: चार मीटरवरून तो सबंध भिंतीवर साधारण ३५ लक्स पसरवतो. म्हणजे पणतीजवळ भिंतीवर ४६ आणि बाजूला ३५. एवढा फरक डोळ्यात भरत नाही. फ्लडलाइट बंद केला आणि रस्त्यावरच्या दिव्याचा २ लक्स उजेड उरला, तर तीच पणती १३ विरुद्ध २ अशी उठून दिसते. पणती तीच, तेलही तेच.

दुसरं नुकसान सावल्यांचं. भिंतीवरची नक्षी आपल्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे. पाहणारा जिथे उभा आहे तिथूनच प्रकाश आला तर प्रत्येक सावली त्या वस्तूच्या मागे लपते आणि कोरीवकाम कागदावर छापल्यासारखं दिसतं. दिवा भिंतीलगत ठेवून उजेड भिंतीवरून घासत गेला की विटांचा सांधासुद्धा उठतो. याची उलट बाजूही सांगायला हवी: गिलावा ओबडधोबड असेल, पोपडे आले असतील, तर घासून जाणारा उजेड तेही चव्हाट्यावर आणतो. अशा भिंतीजवळ काही न लावता ती अंधारात सोडलेली बरी.

फ्लडलाइट हवाच असेल तर तो घराकडे वळवू नका. घरामागच्या झाडावर टाका, म्हणजे घराची कड काळी उमटते.

प्रत्येक कडेवर माळ फिरवणे

गच्चीचा कठडा, सज्जा, खिडक्या, दार, फाटक, सगळ्यांवर माळ. असं केल्यावर पुढचा कठडा आणि पाच फूट मागची खिडकी दोन्ही सारख्याच तेजाच्या रेषा होतात. डोळ्याला पुढे काय आणि मागे काय ते उमगत नाही.

त्यातून उघड्या एलईडीचा प्रत्येक दाणा थेट डोळ्यात चमकतो. तेजस्वी ठिपक्यांची सवय झालेल्या डोळ्याला दोन ठिपक्यांमधली भिंत काळीच दिसते. म्हणून माळेसाठी माझा एकच आग्रह असतो: रस्त्यावरून दाणे दिसू नयेत, त्यांनी उजळलेला पृष्ठभाग दिसावा. कठड्याच्या आतल्या बाजूला, तुळईमागे, कमानीच्या आतल्या कडेला, छज्ज्यावर मागे सरकवून, जिथे लपेल तिथे माळ लपवा. आडोसा नसेल तर दाणे भिंतीकडे वळवून वायर चिमट्यांनी बसवा.

उघडी माळ लावूच नये असं नाही. एक लावा. घराची एकच रेषा निवडा, जी त्या घराची ओळख आहे. कुणाच्या घराला सुंदर कमान असते, कुणाच्या छपराला उतार. तेवढीच रेषा ठिपक्यांनी काढा.

एक दुमजली घर घेऊ

खाली पाच फूट खोल ओसरी, पुढे चार खांब, तीन पायऱ्या. वर लोखंडी कठड्याचा सज्जा आणि त्यामागे दोन खिडक्या. सध्या काय लावलंय: चार माळा, पांढऱ्याशुभ्र, लुकलुकणाऱ्या. एक गच्चीवर, एक सज्ज्यावर, दोन खांबांना गुंडाळलेल्या. शिवाय अंगणात फ्लडलाइट. पायऱ्यांवर आणि सज्ज्यावर मिळून वीसेक पणत्या, ज्या कुणालाच दिसत नाहीत.

पहिलं काम, सगळं बंद. ओसरीतला नेहमीचा दिवासुद्धा. फक्त पणत्या लावा, रस्त्यापलीकडे जा आणि पाचेक मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. घाई केली तर सगळंच अपुरं वाटेल आणि हात पुन्हा बटणाकडे जाईल.

आता खांबांच्या माळा काढा. खांब उजळायचे नाहीत, त्यांच्या मागची भिंत उजळायची. शंभर दाण्यांची एक माळ ओसरीच्या पुढच्या तुळईला आतल्या अंगानं, दाणे मागच्या भिंतीकडे करून लावा. रस्त्यावरून माळ दिसत नाही, मागची भिंत मंद उजळते आणि चारही खांब तिच्यासमोर काळे, ठसठशीत उभे राहतात. ओसरीची पाच फूट खोली लगेच कळते. या सबंध रोषणाईत सगळ्यात जास्त फरक या एका बदलानं पडतो.

सज्ज्यावरच्या पणत्या कठड्यावर होत्या, म्हणजे भिंतीपासून लांब. त्या मागे, भिंतीपासून एक वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटरवर, खिडक्यांच्या खाली घ्या. दोन पणत्यांमध्ये किती अंतर ठेवायचं ते भिंतीपासूनच्या अंतरावरून ठरतं. त्याच्या दुप्पट, म्हणजे ४० सेंटीमीटर ठेवलं तर उजेड एकमेकांत मिसळून सलग पट्टा होतो. चौपट, ८० सेंटीमीटर ठेवलं तर प्रत्येक पणतीचं वेगळं वर्तुळ पडतं आणि मध्ये अंधार राहतो. कंगोरे असलेल्या भिंतीला मी वर्तुळंच देईन. खालून येणाऱ्या उजेडात कंगोऱ्याची खालची बाजू उजळते, वर सावली चढते आणि दिवसा न दिसणारा उठाव रात्री दिसतो. पायऱ्यांवर मात्र पणत्या दोन्ही टोकांनाच ठेवा, मध्ये नकोत. पायरीची रुंदी दिसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडेही वाचतात.

गच्चीची माळ राहू द्या, पण कठड्याच्या आत उतरवून. सज्ज्याची माळ आणि फ्लडलाइट पेटीत.

हे सगळं लागल्यावर पुन्हा रस्त्यापलीकडे जा आणि डोळे बारीक करून पाहा. बारीक डोळ्यांनी फक्त ठळक उजेड आणि ठळक अंधार उरतो. खांब वेगळे दिसले, पणत्यांची वर्तुळं मोजता आली, तर जमलं. एखादाच पांढरा पट्टा उरला तर त्या पट्ट्यातली माळ जास्त झाली आहे.

माळ जास्तच तेज निघाली तर

डिमर सगळ्या माळांना चालत नाही. वेष्टनावर तसं लिहिलं नसेल तर जोडू नका, माळ फडफडते किंवा तिचा अडॅप्टर जातो. सोपा मार्ग म्हणजे माळ भिंतीपासून आणखी लांब नेणं, तिचा अर्धा भाग आडोशामागे दुमडणं, किंवा एक सोडून एक दाण्यावर गडद रंगाची इन्सुलेशन टेप लावणं. टेप फक्त एलईडीवर, जुन्या तापणाऱ्या बल्बांवर कधीच नाही.

लुकलुकणं मात्र बंदच करा. बहुतेक माळांच्या डबीवरचं बटण दाबत गेलं की शेवटी स्थिर उजेडाचा पर्याय येतो. सबंध भिंत दर सेकंदाला उजळत-विझत असेल तर डोळा कशालाच सरावत नाही, आणि ज्योतीची स्वतःची थरथर तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

रंग न जुळणे

उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्व्हिन. वॉर्म व्हाइट माळ २७०० ते ३००० केल्व्हिनची असते, पांढरीशुभ्र ६००० च्या वर. पांढऱ्या माळेशेजारी ज्योत मळकट तांबूस दिसते, कारण डोळा जास्त उजेडालाच ‘पांढरा’ मानून बसतो. शक्य तितका खालचा आकडा घ्या. २२०० केल्व्हिनच्याही माळा मिळतात आणि त्या ज्योतीच्या सर्वांत जवळ जातात. जुनी आणि नवी वॉर्म व्हाइट माळ एकाच भिंतीवर लावण्याआधी शेजारी पेटवून पाहा. एकीत हिरवट झाक निघणं हा नेहमीचा प्रकार आहे.

काजळी आणि तेलाचे डाग

भिंतीजवळ पणती ठेवा म्हटलं की हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. काजळी होते ती बहुतेक वेळा वात जास्त बाहेर काढल्यानं. पाच मिलिमीटर पुरे. ज्योतीचं टोक धुरकट होऊन वर काळी रेघ निघताना दिसली की वात मागे ओढा. वाऱ्यात ज्योत भिंतीकडे झुकत असेल तर वीतभर अंतर पुरत नाही, त्या दिवशी पणती लांब घ्या. वर छज्जा किंवा लाकडी पट्टी असेल तर दोन-तीन फूट मोकळी जागा हवीच, आणि माळेची वायर ज्योतीच्या वरून जाता कामा नये. लपवलेली वायर नेमकी तिथेच लोंबत असते, म्हणून हे मुद्दाम उजेडीच तपासा.

कच्च्या मातीचीच नव्हे, भाजलेली पणतीही तेल पाझरते. वापरण्याआधी ती काही तास पाण्यात बुडवून ठेवा आणि बाहेरून कोरडी करून मगच तेल घाला, पाझर बराच कमी होतो. तरीही दगडी पायरीवर पणती नुसती ठेवू नका. दगडात मुरलेलं तेल साबणानं निघत नाही. खाली चकाकी नसलेली छोटी थाळी ठेवा, कारण चकचकीत स्टीलची थाळी उजेड थेट रस्त्याकडे परतवते.

फोटो पाहून रोषणाई बदलणे

फोनमधल्या फोटोत घर अंधारं आलं म्हणून माळा वाढवू नका. आणि फोटोत लख्ख आलं म्हणून खूशही होऊ नका. रात्रीच्या मोडमध्ये फोन अंधार उजळवतो आणि ज्योतीचा पिवळेपणा पुसतो. फोटो हवाच असेल तर स्क्रीनवर पणतीजवळच्या उजळ भिंतीवर बोट दाबून एक्स्पोजर कुलूपबंद करा, मग ते थोडं खाली ओढा. सूर्यास्तानंतर आकाशात गडद निळा रंग असतो ती वीस-पंचवीस मिनिटं त्यासाठी उत्तम. तेव्हा छपराची कड आकाशासमोर स्वच्छ दिसते, गच्चीवर एकही दिवा न लावता.