शिक्क्याखालचा आठ

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या जुन्या मेंटेनन्स वहीचं स्कॅन एक्सेलमध्ये उतरवत होतो. एका पानावर सेक्रेटरींचा जांभळा गोल शिक्का नेमका फ्लॅट 7 आणि 9 च्या आकड्यांवर बसलेला. शेजारच्या काकांचं म्हणणं, "अरे, बाकीच्यांसारखाच असणार, टाक 1,650!" नाही टाकला.

स्कॅन रंगीत होतं हे नशीब. ImageMagick ने फक्त निळा चॅनल, म्हणजे प्रत्येक बिंदूत निळा रंग किती हे दाखवणारं करडं चित्र, वेगळा काढला:

```
magick paan.png -channel B -separate paan-b.png
```

निळ्या-जांभळ्या शाईचा ठसा यात फिका पडतो, काळे आकडे तसेच राहतात. (लाल शिक्का असता तर B ऐवजी R.) फ्लॅट 7 चे 1,650 स्वच्छ दिसले. 9 वर मात्र काळ्या पेनाची टिकही होती. काळ्यावर काळं, तिथे चॅनलचा उपयोग शून्य. दिसलं एवढंच: 1,?40.

मग खालची बेरीज पाहिली, 19,280. उरलेल्या अकरा फ्लॅटांचे 17,440. फरक 1,840, आणि दिसणाऱ्या तिन्ही अंकांशी जुळला. जुळला नसता तर बेरजेवरही संशय घ्यावा लागला असता. तरी वाचलेल्या रकान्यात 1,?40 च ठेवलं आणि 1,840 शेजारी, 'बेरजेवरून' असा शेरा मारून.

पाणीपट्टीच्या रकान्यात दोन्ही फ्लॅटांचे आकडे निळा चॅनल काढूनही मुळीच वाचता येत नव्हते. बेरजेवरून दोघांचे मिळून 730 एवढंच कळतं. 365-365 लिहायचा मोह झाला, पण तिथे दोन प्रश्नचिन्हं टाकली.