मुळं रंगवा, पण पट्टा दिसू देऊ नका

पार्लरमधून रंगवून आल्यावर चौथ्या-पाचव्या आठवड्यात भांगेत पांढरी रेघ डोकावायला लागते. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर किंवा थोडे जास्त वाढतात, म्हणजे रंगवायचा भाग असतो जेमतेम नखाएवढा. तेवढ्यासाठी बहुतेक जणी सगळ्यात गडद डबा आणतात, मुळांपासून टोकांपर्यंत चोपडतात आणि मग केस तीन रंगांचे झाले म्हणून कुरकुरतात. मुळांना टच-अप करायचा, तर रंग फक्त मुळांनाच लावायचा.

हातमोजे, जुना टॉवेल, प्लॅस्टिकची वाटी, ब्रश, शेपटीचा कंगवा हे सामान तुमच्याकडे असेलच. स्टीलची वाटी नको. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलिन लावा, केसांवर मात्र ते येऊ देऊ नका, तिथे रंग चढत नाही. रंग लावायच्या 48 तास आधी कानामागे थोडा रंग लावून बघायचा आणि पाकिटावर चाचणीची जी पद्धत दिली असेल तीच पाळायची. 'मी तर वर्षानुवर्षं लावते' हे कारण चालत नाही, ॲलर्जी मधेच कधीही सुरू होते. खाज किंवा सूज आली तर तो रंग लावायचा नाही. 'काळी मेंदी' म्हणून विकतात त्यातही बऱ्याचदा रंगातलं ॲलर्जी आणणारं तेच रसायन असतं.

आता शेड. सगळं खरं तर इथेच बिघडतं.

ट्यूबवरचा पहिला आकडा रंग किती गडद आहे ते सांगतो: 1 म्हणजे काळा, 3 गडद तपकिरी, 4 तपकिरी, 5 फिकट तपकिरी. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. बऱ्याच कंपन्यांत .0 म्हणजे साधी झाक, .1 राखाडी आणि .3 सोनेरी, पण प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं, म्हणून डब्यावरचा फोटो बघून शेड घेऊ नका. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पार्लरमधून निघतानाच ट्यूबचं नाव आणि नंबर लिहून घ्या. सांगायला कुरकुर करतात, तरी मागा. डोकं तुमचं आहे.

नंबर मिळाला नाही, तर जुळवायचं कशाशी? टोकांशी नाही. टोकं ऊन, शाम्पू आणि बोअरच्या पाण्याने उतरलेली असतात. मुळांपासून चार-पाच बोटांवरची बट धरा आणि दिवसा गॅलरीत उभं राहून शेड कार्डाशी लावून बघा, तेही केस कोरडे असताना. ओला केस गडद दिसतो आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच तपकिरी रंग सारखे. दोन शेडमध्ये अडकलात तर फिकट घ्या. फिकट निघाला तर पुढच्या वेळी गडद करता येतो. गडद निघाला की वर फिकट रंग लावून काही होत नाही, रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत.

माझी जाऊ खारघरला राहते. पार्लरमध्ये तिला 5 लावतात, वर थोडी सोनेरी झाक. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने घाईघाईत 3 नंबरचा डबा आणला. 'पांढरे नीट झाकले पाहिजेत ना,' हे तिचं म्हणणं. पांढरे झाकले गेले, पण भांगेच्या दोन्ही बाजूंना काळा पट्टा आणि खाली तपकिरी केस, आणि लग्नाचे सगळे फोटो वरून काढलेले. पट्टा पार्लरमध्ये जाऊन, पैसे मोजून काढावा लागला. आता ती अर्धी ट्यूब 5.0 आणि अर्धी 5.3 मिसळते. नुसता 5.3 पांढऱ्या केसांवर पारदर्शक, पिवळट-तांबूस चमकतो, कारण त्या केसांत खाली स्वतःचा रंग उरलेला नसतो. तो आधार .0 देतो. पांढरे अर्ध्याहून जास्त असतील तर हे अर्धं-अर्धं प्रमाण सोडू नका. नुसती राखाडी झाकही नको, चेहरा मळकट दिसतो.

रंगात मिसळायचा पेरॉक्साइडचा डेव्हलपर 20 व्हॉल्यूमचा, म्हणजे 6 टक्क्यांचा. 10 व्हॉल्यूमने चिवट पांढरे केस नीट झाकत नाहीत. खांद्यापर्यंतच्या केसांच्या मुळांना 25 ते 30 ग्रॅम रंग पुरतो. डेव्हलपर किती घालायचा ते ट्यूबवर लिहिलेलं असतं, कुठे सारखा, कुठे दीडपट. अंदाजाने ओतू नका, किचनमधला वजनकाटा घ्या.

लावताना केसांचे चार भाग करून चिमटे लावा. कानशिलांपासून आणि भांगेपासून सुरुवात करा, कारण तिथले पांढरे केस जाड आणि हट्टी असतात, त्यांना जास्त वेळ लागतो. कपाळाच्या कडेची बारीक लव सगळ्यात शेवटी, ती चटकन गडद होते. पाव-पाव इंचाच्या बटा घ्या.

जुना रंग जिथे सुरू होतो त्या रेषेपर्यंत ब्रश नेऊ नका. दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबा, रंग थोडा पसरतो आणि ती जागा आपोआप भरते. ब्रश रेषेपलीकडे गेला की जुन्या रंगावर नवा बसतो आणि तो भाग गडद होतो. दर महिन्याला असं झालं की केसावर गडद कडी तयार होते, झाडाच्या खोडावर वर्षाची वळी दिसतात तशी. मागचा भाग स्वतःला दिसत नाही, तिथे हमखास ब्रश घसरतो. घरात कोणी असेल तर मागचं त्यांच्या हातून करून घ्या, नवरा असला तरी चालेल, फक्त समोर बसवून 'मुळं' कुठे संपतात ते आधी दाखवा.

वेळ पाकिटावर लिहिलेला, पांढऱ्या केसांसाठी बहुतेकदा 35 ते 45 मिनिटं. शेवट लावलेल्या भागाचा वेळही मोजा. मधे कानशिलावरची एक बट ओल्या कापसाने पुसून बघा. पांढरेपणा किंवा राखाडी छटा उरली असेल तर थांबा. वेळेआधी धुतलं तर कानशिलांवर रंग नीट बसत नाही. डोक्याची आग व्हायला लागली तर मात्र लगेच धुवा.

आता रेघ मोडायची. धुण्याआधी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत हात पाण्याने ओले करा आणि मुळांवरचा रंग बोटांनी चोळून फेसाळवा, मग तो फेस रेषेच्या पलीकडे बोटभर उतरवा आणि लगेच धुवा. त्या थोड्या वेळात, पातळ झालेला रंग खालच्या केसांवर गडद बसत नाही, फक्त कड विरघळते. टोकांपर्यंत फेस नेऊ नका. टोकं फारच उतरली असतील तर ती पार्लरवर सोडा.

पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, शाम्पू त्याच दिवशी नको. मिसळलेला उरलेला रंग बाटलीत भरून ठेवू नका, तो फुगतो आणि कामाचाही राहत नाही. पुढच्या वेळी पार्लरमध्ये बसाल तेव्हा कोणता नंबर, कोणता डेव्हलपर आणि कधी लावला ते आधीच सांगा, म्हणजे तेही त्या मुळांवर विचार करूनच रंग टाकतील.