लोणच्याची चव शब्दांत कशी सांगावी: कडू, तिखट आणि झणका

इंदूरच्या मराठी घरातले लोणचे शेजारच्या मालवी घरी जाते तेव्हा चवीच्या शब्दांची खरी परीक्षा होते. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकी कैरीचे लोणचे चाखून म्हणाल्या, "इसमें कड़वा तेल डालना था।" लोणचे कडू झाले, असे समजून मी मेथी जळली होती का, हे विचारत बसले. त्यांना फक्त मोहरीचे तेल म्हणायचे होते, कारण हिंदीत मोहरीच्या तेलाला 'कड़वा तेल' म्हणतात. मराठीत मात्र कडू म्हणजे कारल्याची चव, आणि मोहरी जे करते ते वेगळेच असते. हा फरक नीट सांगता आला, तर लोणच्यात काय कमी-जास्त झाले तेही सांगता येते.

प्रथम चाखण्याची पद्धत ठरवावी. लोणचे मुरलेले असावे आणि ते साध्या गरम भाताबरोबर खावे, कारण नुसते चाखले तर मीठच पुढे येते आणि बाकीचे झाकले जाते. आधी खार आणि मग फोड, असे दोन वेगळे घास घ्यावेत. खार मसाल्याची चव सांगतो, फोड कैरीची.

यानंतर जिभेवर झोंबते ते कशामुळे, हे ओळखावे. मोहरीची डाळ ओली झाली की तिच्यातून एक उडून जाणारे द्रव्य तयार होते. ते घास तोंडात जाताच नाकात चढते, डोळ्यांत पाणी आणते आणि काही क्षणांत ओसरते. याला झणका म्हणावे, किंवा 'मोहरी नाकाला झोंबते' असे सरळ लिहावे. मिरचीचे तिखट उडून जात नाही. ते जिभेवर हळूहळू वाढते, काही मिनिटे टिकते आणि पाण्याने हटत नाही, दह्याने मात्र शमते. म्हणून नाकातले ते झणका आणि जिभेवर रेंगाळणारे ते तिखट, एवढी खूणगाठ बांधली तरी पुष्कळ झाले. मोहरीच्या डाळीवर कडकडीत तेल ओतले, तर हे द्रव्य तयार करणारा घटकच उष्णतेने नष्ट होतो. असे लोणचे तिखट लागते, पण त्याला झणका नसतो. फोडणी पूर्ण गार करून घालावी, असे आजी का सांगत, ते यातून कळते.

कडूपणा घास गिळल्यावर घशाशी उरतो. कैरीच्या लोणच्यात तो बहुधा करपलेल्या मेथीचा असतो आणि लिंबाच्या लोणच्यात सालीचा किंवा बियांचा. लिंबाचा कडूपणा मुरताना कमी होतो, जळलेल्या मेथीचा होत नाही. तुरटपणा याहून वेगळा आहे. तो जीभ आखडून कोरडी करतो. आवळ्याच्या लोणच्यात तो हवासा वाटतो आणि कोवळ्या कैरीच्या कोयीजवळही सापडतो.

आता मात्रा सांगायची. मराठीत यासाठी शब्दच तयार आहेत: आंबटसर, आंबट आणि आंबटढाण, कडवट, कडू आणि कडूजहर, तिखटसर, तिखट आणि तिखटजाळ. मात्र आंबट आणि आंबूस यांची गल्लत करू नये. बरणी उघडताच आंबूस वास आला आणि खारावर बुडबुडे दिसले, तर लोणचे आंबू लागले आहे, हे उघड आहे. तेल जुने झाल्याचा वास खवट म्हणून सांगावा. 'चटकदार' हा शब्द मी टाळते, कारण त्यातून आंबट, तिखट की गोड, यातले काहीच कळत नाही.

यंदाच्या एका बरणीचे उदाहरण घेते: 1 किलो कैरीच्या फोडी, 150 ग्रॅम मीठ, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 75 ग्रॅम तिखट, 15 ग्रॅम मेथी, शिवाय हळद, हिंग आणि वर गार केलेली फोडणी. तिसऱ्या दिवशी खार खारट लागला आणि मोहरीचा झणका जोरात होता, पण फोडी अजून करकरीत आणि आंबटढाण होत्या. महिन्याभराने झणका मवाळ झाला, फोडीत मीठ मुरले आणि मेथीचा हलका कडवटपणा मागे राहिला. मेथी लालसर होताच काढली होती, त्यामुळे तो कडवटपणा खमंग वाटला. बरणीवरच्या चिठ्ठीत मी लिहिले: 'आधी आंबट, मग मध्यम तिखट, मोहरीचा झणका सौम्य, शेवटी मेथीचा किंचित कडवटपणा.' खाली काकींसाठी हिंदीत एक ओळ जोडली की तेल शेंगदाण्याचे आहे, 'कड़वा' नाही.