स्लाइडवरून रिपोर्टच्या प्रकरणांकडे: एका सोलर ड्रायरचं उदाहरण

शेवटच्या वर्षाचं प्रेझेंटेशन झालं की बहुतेक गट तीच पीपीटी उघडतात आणि एकेक स्लाइड वर्डमध्ये चिकटवून मधल्या जागा भरायला घेतात. त्यातून रिपोर्ट होत नाही. स्लाइडवर आपण फक्त मुद्दा लिहिलेला असतो, त्यामागचं कारण आणि हिशोब तोंडी सांगितलेला असतो. रिपोर्ट वाचणाऱ्या परीक्षकासमोर आपण उभे नसतो, म्हणून प्रकरणं त्या तोंडी भागातूनच लिहावी लागतात.

आमच्या मेकॅनिकलच्या गटाने रत्नागिरीत सुक्या मासळीसाठी सोलर ड्रायर केला होता. किनाऱ्यावर मासळी उघड्यावर वाळत घालतात. तिच्यावर धूळ बसते, माश्या बसतात आणि खाऱ्या दमट हवेत ती रात्रीतून पुन्हा ओलावा धरते. आमच्या निकालाच्या स्लाइडवर दोनच ओळी होत्या: 'बोंबलातला ओलावा ८५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर' आणि 'कार्यक्षमता सुमारे ११.५ टक्के'. सगळ्यात जास्त मेहनत या दोन ओळींचं प्रकरण करताना लागली, म्हणून तेच सविस्तर सांगते.

पहिली ओळ वाचून वाटतं की वजनातलं ७० टक्के पाणी गेलं. तसं नसतं, कारण दोन्ही टक्केवारी त्या-त्या वेळच्या ओल्या वजनावर काढलेल्या आहेत. २ किलो ताज्या बोंबलात ८५ टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग फक्त ०.३ किलो. वाळताना तो बदलत नाही. शेवटी तो एकूण वजनाच्या ८५ टक्के होतो, म्हणजे वाळलेली मासळी ०.३ भागिले ०.८५, सुमारे ०.३५ किलो. पाणी गेलं १.६५ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या ८२ टक्के. स्लाइडवर ही पायरी नव्हती. रिपोर्टमध्ये ती समीकरण क्रमांकासह आली आणि ओलावा ओल्या वजनावर मोजलाय की कोरड्या, हेही तिथेच स्पष्ट लिहिलं.

दुसऱ्या ओळीचंही तसंच. १.६५ किलो पाण्याची वाफ करायला, किलोमागे सुमारे २.४ मेगाज्यूल धरून, जवळपास ४ मेगाज्यूल लागतात. कलेक्टर १ चौरस मीटरचा, सरासरी ऊन ६०० वॅट प्रति चौरस मीटर, रोज ८ तास, दोन दिवस. हे होतात साधारण ३४.६ मेगाज्यूल. एकाला दुसऱ्याने भागलं की ११.५ टक्के. आकडा कमी दिसतो म्हणून तो लपवू नका. उष्णता कुठे जाते ते 'चर्चा' या भागात लिहा. तापलेली हवा चिमणीतून बाहेर जाते, काचेतून आणि खोक्याच्या भिंतींतून उष्णता निसटते, आणि दुसऱ्या दिवशी आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत यायलाच वेळ लागतो, त्यामुळे ऊन असूनही वाळण्याचा वेग मंदावतो. हे प्रेझेंटेशनमध्ये परीक्षकांनी विचारलेलंच असतं. व्हायवा संपल्याबरोबर प्रश्न आणि आपण दिलेली उत्तरं वहीत उतरवून ठेवा. 'चर्चा' प्रकरणाचा अर्धा मजकूर तिथेच मिळतो.

पद्धतीच्या प्रकरणाची कसोटी साधी आहे: ज्युनिअर गटाला आपल्याला फोन न करता तोच प्रयोग करता आला पाहिजे. स्लाइडवरचा ब्लॉक डायग्रॅम त्याला पुरत नाही. काचेची जाडी, ट्रे किती आणि किती अंतरावर, थर्मामीटर कुठे लावला, वजन किती वेळाने घेतलं, मासळी रात्री कुठे ठेवली, हे सगळं लिहा. तुलनेसाठी त्याच दिवशी त्याच टोपलीतली मासळी उघड्यावर वाळवली असेल तर तेही लिहा, नाहीतर 'ड्रायर जास्त वेगवान' या वाक्याला आधार राहत नाही.

साहित्य आढावा मात्र लवकर उरकतो, फक्त स्लाइडवरचा 'लेखक, वर्ष, निष्कर्ष' असा तक्ता वाक्यांत फोडून ठेवू नका. कलेक्टरबद्दलचे पेपर एकत्र, वाळण्याच्या वेगाबद्दलचे एकत्र, आणि शेवटी कुणी काय मोजलेलं नाही ते.

आलेखांचे स्क्रीनशॉट घेऊ नका. गडद पार्श्वभूमीची स्लाइड काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये वाचता येत नाही. एक्सेलमधून पांढऱ्यावर पुन्हा काढा, अक्षांवर एककं लिहा. शीर्षक आकृतीच्या खाली आणि तक्त्याच्या वर येतं, पण तुमच्या विभागाचा नमुना वेगळं सांगत असेल तर तोच पाळा.

लिहिण्याचा क्रम छापण्याच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा: आधी पद्धत, मग निकाल आणि चर्चा, त्यानंतर निष्कर्ष, मग प्रस्तावना, शेवटी सारांश. आमचे प्रयोग उन्हाळ्यातच झाले होते, म्हणून निष्कर्षात 'पावसाळी हवेत चाचणी झालेली नाही' असं सरळ लिहिलं आणि स्लाइडवरचं 'वर्षभर उपयुक्त' हे वाक्य प्रस्तावनेतूनही काढलं. सारांशातला प्रत्येक आकडा निकालाच्या प्रकरणाशी जुळतो का, हे बायंडिंगला देण्याआधी दोघांनी बसून तपासा: एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून आकडा दाखवायचा.